सूत की सुत

दफ्तरातून निवृत्त होऊन वर्षे लोटली, तरी नक्कल करण्याची सवय बोटांतून गेली नाही, म्हणूनच कै. वडिलांच्या १९४६ सालच्या रोजनिशीची पुतण्याने धाडलेली छायाचित्रे पाहून मी ती टंकलिखित करू लागलो. शाई तपकिरी होऊन विरली आहे, अक्षर मोडी. माझ्या जन्माच्या आठवड्यातली एक ओळ मात्र तीन दिवस पुढे सरकू देत नाही: ‘घरी सुत’, आणि पुढे ‘आला’ की ‘आले’, ते पुसट. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहीत, त्यामुळे चरख्याचे सूत आले की सुत, म्हणजे मी, आलो, हे त्या शेवटच्या स्वरचिन्हावरच ठरायचे. आणि वडील सूत कातीत, पत्रांतून मला ‘सुत’ही लिहीत. टाकाच्या दाबाने कागदावर उमटलेला चर दिसावा म्हणून पुतण्याकडून ते पान विजेरीच्या तिरप्या उजेडात पुन्हा टिपून घेतले. काना असावा तेथे चर आहेसा भासतो. पण तेथूनच कागदाची घडीही जाते.

मजकुरात ती जागा मी कोरी ठेवली आहे. रात्री दिवा मालवल्यावरही ती तिरपी छाया डोळ्यांपुढे राहते.