सोसायटीचा कॅमेरा आणि माझा अर्ज

सुट्टीत घरी गेलं की इंजिनिअरिंगच्या पोराला पंख्यापासून गीझरपर्यंत सगळं दुरुस्त करायला सांगतात. दिवाळीत मात्र मी काम स्वतःहून ओढवून घेतलं.

आमच्या सोसायटीत आठ कॅमेरे आहेत. बाबा कमिटीवर, म्हणून रेकॉर्डरचा पत्ता माझ्याकडे होता. एका रात्री होस्टेलवर बसून सहज तो ब्राउझरमध्ये टाकला. लॉगिन आलं. admin, 12345. आत! गेटवर भाजीची पिशवी घेतलेली आई दिसली. आधी गंमत वाटली, मग अंगावर काटा आला. मला दिसली, म्हणजे कुणालाही दिसली असती.

कॅमेरेवाल्याने राउटरवर पोर्ट उघडून रेकॉर्डर थेट इंटरनेटवर ठेवला होता. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने असेच फॅक्टरी-पासवर्डचे कॅमेरे आणि रेकॉर्डर पकडून आपली फौज बनवली होती.

कमिटीला मी एक पानी अर्ज दिला: ते पोर्ट बंद करावं, पासवर्ड बदलावा, आणि रेकॉर्डरशेजारी रास्पबेरी पाय ठेवून त्यावर वायरगार्ड व्हीपीएन चालवावं. राउटरवर फक्त 51820 हे यूडीपी पोर्ट उघडं राहील. योग्य चावी नसेल तर वायरगार्ड उत्तरच देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला दार आहे हेही कळत नाही.

अध्यक्षकाका म्हणाले, "अरे, मला मोबाईलवर दिसतंय की! मग बिघडलं काय?" मी माझ्या फोनवर वाय-फाय बंद करून त्यांना त्यांचंच पार्किंग दाखवलं. अर्ज मंजूर!

खरा वाद पुढे झाला, चाव्या कुणाला? तीन काकूंना हव्या होत्या. शेवटी अध्यक्ष, सेक्रेटरी आणि बाबा, अशा तीनच ठरल्या. प्रत्येक फोनला वेगळी चावी. पद सुटलं की पायवरून त्याच्या या ओळी काढायच्या आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. बाकीच्यांचं काही बदलत नाही.

```
[Peer]
PublicKey = <फोनची चावी>
AllowedIPs = 10.8.0.2/32
```

एक चूक मी केलीच. फोनच्या कॉन्फिगमध्ये फक्त रेकॉर्डरचा पत्ता, 192.168.1.50/32, लिहिला आणि वाटलं झालं. पण ती ओळ फोनवाला कधीही बदलू शकतो आणि मग ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचतो. खरी आडकाठी पायच्या फायरवॉलमध्ये घालावी लागते. ती दुसऱ्या दिवशी घातली.

आमचं नशीब, राउटरला स्वतःचा पब्लिक पत्ता होता. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन पत्ता 100.64 ते 100.127 मधला दिसला, तर कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेकांत वाटतेय असं समजा. मग बाहेरून आत येताच येत नाही. आधी स्टॅटिक आयपी मागावा लागतो.

होस्टेलवर परतलो, तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकांचा फोन. "कॅमेरा बंद पडला रे तुझा!"

"काका, व्हीपीएनचं बटण चालू आहे का?"

बराच वेळ शांतता. मग, "थांब, चष्मा शोधतो."