तक्ता उलटा लावून पाहिला तेव्हा

नववीच्या वर्गाला मी गणित शिकवते. त्या वर्षी पहिल्या घटक चाचणीत पहिल्या आलेल्या पाच जणांना २० पैकी १९, १९, १८, १८, १८ गुण होते. दुसऱ्या चाचणीत त्यांनाच १७, १४, १६, १८ आणि १३ मिळाले. सरासरी १८.४ वरून १५.६ वर आली. मी तक्ता करून त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘कौतुकाने मुलं सैल पडली आहेत.’ १८ वरून १३ वर आलेल्या मुलीला तर वर्गात उभं करून बोलले.

त्याच तक्त्यात खाली शेवटचे पाच होते. त्यांची सरासरी ४ वरून ७ झाली होती. त्यांचा मी जादा तास घेत होते, म्हणून ते श्रेय मी स्वतःकडे घेतलं.

शाळेतले विज्ञानाचे सर फोटो पाहून एवढंच म्हणाले, “मॅडम, आता दुसऱ्या चाचणीतले पहिले पाच काढा आणि त्यांचे आधीचे गुण बघा.” मी काढले. दुसऱ्या चाचणीत त्यांची सरासरी १८.२ होती, पहिल्या चाचणीत १५.८. म्हणजे याच तक्त्यावरून ‘हुशार मुलं सुधारली’ असंही म्हणता आलं असतं. सगळ्या वर्गाची सरासरी दोन्ही वेळा ११ होती आणि गुणांचा पसाराही तेवढाच होता. वर्ग सैल पडलाच नव्हता.

एका चाचणीच्या गुणांत मुलाची तयारी असते आणि त्या दिवसाचा योगही असतो: सराव केलेलंच उदाहरण येणं, अंदाजाने खूण केलेला पर्याय बरोबर निघणं. सर्वांत वरचे पाच निवडले की ज्यांना योगाची साथ मिळाली, अशीच मुलं त्यात जास्त येतात. पुढच्या वेळी तयारी तीच राहते, योग मात्र नव्याने वाटला जातो, म्हणून ती सरासरीकडे सरकतात. शेवटचे पाच याच कारणाने वर येतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंच आईवडिलांच्या मुलांबाबत हेच दाखवलं होतं: मुलं उंच असतात, पण सरासरीने तेवढी उंच नसतात.

माझे पहिले पाच सरासरीच्या ७.४ ने वर होते, नंतर ४.६ ने वर राहिले. म्हणजे अंतराचा सुमारे ०.६ भाग उरला. शेवटचे पाच ७ ने खाली होते. तेच प्रमाण लावलं तर जादा तासाशिवायही ते ६.८ च्या आसपास आले असते. माझ्या तासाचा उपयोग झाला की नाही, हे त्या तक्त्यावरून सांगताच येत नव्हतं.

मी त्या मुलीची वर्गासमोर माफी मागितली आणि ग्रुपवरही चूक कबूल केली. आता जादा तासासाठी मुलं निवडते पहिल्या चाचणीवरून, पण प्रगती मोजते दुसरीपासून तिसरीपर्यंत, कारण निवडीतला योग दुसऱ्या चाचणीत बराचसा गळून गेलेला असतो.