रिमोट हरवल्यावर फोन कधी कामाला येतो

अंबाजोगाईत माझं टीव्ही आणि डिश दुरुस्तीचं दुकान आहे. रिमोट हरवलेलं गिऱ्हाईक हल्ली दुकानात आलं की आधी मोबाईल काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "यातच रिमोट टाकून द्या." ॲप टाकणं मिनिटाभराचं काम आहे. ते घरी गेल्यावर चालेल की नाही, हे मात्र दोन गोष्टींवर ठरतं : घरातला टीव्ही कशावरून हुकूम घेतो आणि हातातल्या फोनमध्ये काय बसवलेलं आहे. म्हणून मी फोन उघडण्याआधी विचारतो, टीव्ही साधा आहे की इंटरनेटवाला, आणि चॅनल टीव्हीवरून बदलता की सेट टॉप बॉक्सवरून?

साधा एलईडी टीव्ही आणि आपल्या भागात घरोघरी दिसणारा डीडी फ्री डिशचा बॉक्स, दोन्ही इन्फ्रारेड प्रकाशावर चालतात. रिमोटच्या तोंडाशी असलेला छोटा दिवा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकतो. बहुतेक रिमोटमध्ये हा प्रकाश सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकतो आणि अशा लुकलुकीचे लहान-मोठे तुकडे पाडून त्यात निरोप भरलेला असतो. निरोपात यंत्राचा पत्ता आणि बटणाचा हुकूम, दोन्ही असतात. पत्ता जुळला तरच टीव्ही हुकूम ऐकतो, आणि म्हणूनच शेजाऱ्याचा दुसऱ्या कंपनीचा रिमोट आणून दाबला तर आपला टीव्ही सहसा हलत नाही.

फोनला हे काम करायचं तर फोनमध्येही असा दिवा हवा. शाओमी, रेडमी आणि पोकोच्या बऱ्याच फोनांत तो असतो; फोनच्या वरच्या कडेला काळा ठिपका दिसतो, तोच तो. आयफोनमध्ये तो कधीच नव्हता. सॅमसंगच्या काही जुन्या महागड्या फोनांत होता, नंतर काढून टाकला. दिवा नसलेल्या फोनवरही "युनिव्हर्सल रिमोट" नावाची ॲप उतरतात, पडद्यावर छान बटणं दाखवतात आणि टीव्हीला काहीच पोचत नाही. हे ओळखायला दुसऱ्या मोबाईलचा पुढचा कॅमेरा पुरतो. त्या कॅमेऱ्यातून फोनच्या वरच्या कडेकडे बघायचं आणि ॲपमधलं बटण दाबायचं. जांभळट-पांढरी लुकलुक दिसली तर प्रकाश जातो आहे. मागच्या कॅमेऱ्याला पुष्कळदा हा प्रकाश अडवणारी काच असते, त्यामुळे पुढचाच वापरावा.

प्रकाश जातो पण टीव्ही हलत नाही, असं झालं तर बहुधा कोड चुकीचा असतो. शाओमीच्या फोनमधलं रिमोट ॲप कंपनीचं नाव विचारतं, मग एकेक कोड पाठवून विचारतं, टीव्हीने ऐकलं का? फ्री डिशच्या बॉक्सची अडचण इथेच येते. बाजारातल्या कितीतरी बॉक्सवरची नावं ॲपच्या यादीत नसतात. मग सेट टॉप बॉक्स हा प्रकार निवडून मिळतील ते कोड धीराने चालवून बघावे लागतात. चालू-बंदचं बटण चाललं म्हणून लगेच थांबू नये. आवाज, चॅनल आणि मेनू ही बटणंही तपासावीत. एकच बटण चालतं आणि बाकीची मुकी राहतात, तेव्हा कोड अर्धवट जुळलेला असतो, पुढचा घ्यावा. फोनचा दिवा असली रिमोटपेक्षा मंद पडू शकतो, म्हणून जवळून आणि नीट समोरून धरावा. दुपारचं ऊन थेट टीव्हीच्या तोंडावर येत असेल तर आधी पडदा ओढावा, कारण उन्हातला इन्फ्रारेड प्रकाश टीव्हीचा डोळा दिपवून टाकतो.

इंटरनेटवाल्या टीव्हीचा रस्ता वेगळा. अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही असेल तर फोनमध्ये दिव्याची गरज नाही. फोनवर गूगल टीव्ही ॲप घ्यायचं, त्यातलं रिमोटचं चिन्ह दाबायचं, टीव्हीचं नाव निवडायचं. टीव्हीच्या पडद्यावर एक कोड उमटतो, तो फोनवर टाकला की जोडणी झाली. फायर टीव्ही स्टिकचं स्वतःचं ॲप आहे आणि त्याची रीतही साधारण अशीच. स्टिकला इन्फ्रारेडचा डोळा नसल्यामुळे दिव्याचा फोन तिथे थेट उपयोगाचा नाही. या सगळ्याला अट एकच : टीव्ही आणि फोन एकाच वायफायवर हवेत.

आपल्या जिल्ह्यात गाडी अडते ती याच अटीवर. शहरातल्या घरात भिंतीला राउटर असतो आणि तो तिथेच राहतो. आमच्याकडच्या गावांत टीव्हीला इंटरनेट मिळतं ते कुणाच्या तरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून, आणि तो मोबाईल माणसाबरोबर गाव सोडतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पोरं पुण्याला कामावर परत जातात. घरी आजी-आजोबा आणि शाळेतली मुलं उरतात. अशा घरात रिमोट हरवला की पेच पडतो. फोनचा रिमोट करायला टीव्ही वायफायवर हवा, आणि टीव्हीला नव्या वायफायवर घ्यायला रिमोट हवा.

केज तालुक्यातल्या एका घरी हा पेच असा सुटला. टीव्ही अँड्रॉइडचा होता. हॉटस्पॉट धाकट्या मुलाच्या फोनचा होता आणि तो मुलगा चाकणला कामाला. रिमोट गेला होता. घरी आजोबा आणि दहावीतली नात. आजोबांनी मला निरोप पाठवला तेव्हा मी फोनवरच सांगितलं, "बाबा, पोराला विचारून ठेवा, त्याच्या हॉटस्पॉटचं नाव काय आणि पासवर्ड काय."

या युक्तीच्या मुळाशी असलेली गोष्ट साधी आहे. टीव्ही हॉटस्पॉट ओळखतो तो नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार यांवरून. फोन कुणाचा आहे, हे तो तपासत नाही. म्हणजे नातीच्या फोनवर काकाच्या हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा टाकला, तर टीव्ही आपण होऊन जोडला जायला हवा.

गेलो. टीव्हीच्या खालच्या कडेला, कंपनीच्या नावाच्या मागच्या बाजूला बोटाने चाचपडलं की एक बटण लागतं. बहुतेक टीव्हींना ते कुठेतरी असतंच. ते दाबून टीव्ही चालू केला. नातीच्या फोनवर हॉटस्पॉट उघडून नाव-पासवर्ड भरला. हॉटस्पॉटच्या पानावर किती यंत्रं जोडली आहेत ते दिसतं. तिथे काही आलंच नाही. मग एकेक गोष्ट तपासली. मुलाने व्हॉट्सॲपवर नाव पाठवलं होतं `sagar home`, त्याच्या फोनवर मात्र होतं `Sagar home`. इंग्रजीतलं मोठं-लहान अक्षर आणि मधली मोकळी जागा, दोन्ही तंतोतंत जुळावी लागतात. म्हणून नाव तोंडी घेऊ नये, हॉटस्पॉटच्या पानाचा स्क्रीनशॉट मागवावा. नाव दुरुस्त केलं, तरी टीव्ही येईना.

दुसरी जागा होती बँडची. नातीचा फोन नवा, तो हॉटस्पॉट `5 GHz` वर सोडत होता. जुन्या आणि स्वस्त टीव्हींना बहुधा `2.4 GHz` एवढंच दिसतं. सेटिंगमध्ये तो बदलला. तिथेच सुरक्षेचा प्रकारही बघून घेतला. काकाच्या फोनवर `WPA2` होता, इथे `WPA3`, तोही बदलून `WPA2` केला. थोड्या वेळात जोडलेल्या यंत्रांत एकाची भर पडली. टीव्ही आला होता.

मग माझा फोन त्याच हॉटस्पॉटवर घेतला, गूगल टीव्ही ॲप उघडलं, टीव्हीचं नाव दिसलं, पडद्यावरचा कोड टाकला आणि बाण हलू लागला. ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे त्याच फोनवरून रिमोट चालवणं काही फोनांत जमतं, काहींत टीव्ही सापडतच नाही. म्हणून दोन फोन घ्यावेत. एकाने हॉटस्पॉट द्यावा, दुसऱ्याने रिमोट व्हावं. नंतर तेच ॲप आजोबांच्या फोनवर घालून जोडून दिलं. नातीच्या हॉटस्पॉटमध्ये "कुणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद" असा पर्याय चालू होता, तोही काढला. तो तसाच राहिला असता तर टीव्ही बंद केल्यावर काही मिनिटांत हॉटस्पॉट मिटला असता आणि संध्याकाळी फोनवर टीव्ही पुन्हा सापडला नसता.

एवढं करूनही दोन गोष्टी फोनच्या हाताबाहेर राहिल्या, आणि त्या मी आजोबांना तिथेच दाखवल्या. पहिली, टीव्ही चालू करणं. फोनने टीव्ही बंद होतो. पण बंद टीव्ही वायफाय सोडून देत असेल तर फोनचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नाही. वीज जाऊन आल्यावर तर असं हमखास होतं. तेव्हा खालचं बटण बोटाने दाबावं लागतं. मी त्या जागी टीव्हीच्या पुढच्या बाजूला लाल टेपचा तुकडा चिकटवून दिला. दुसरी गोष्ट फ्री डिशच्या बॉक्सची. वायफायवरचा रिमोट टीव्हीला हुकूम देतो, बॉक्सला नाही. आवाज कमी-जास्त होतो, इनपुट बदलतं, पण सह्याद्रीवरून दुसऱ्या चॅनलवर जायचं तर बॉक्सचा स्वतःचा रिमोट किंवा दिवा असलेला फोनच हवा. लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. आवाज चालतो म्हणून ॲप बरोबर आहे आणि चॅनल बदलत नाही म्हणून बॉक्स बिघडला, असं समजून ते चांगला बॉक्स दुकानात घेऊन येतात.

हॉटस्पॉटचं नाव कुणालाच आठवत नसेल, तर अँड्रॉइड टीव्हीसाठी आणखी एक वाट आहे. कॉम्प्युटरचा वायरचा साधा माऊस टीव्हीच्या यूएसबीला लावायचा. पडद्यावर बाण येतो, त्याने सेटिंगमध्ये जाऊन नवं वायफाय निवडता येतं आणि पासवर्डही पडद्यावरच्या अक्षरांवर क्लिक करून भरता येतो. एकदा टीव्ही वायफायवर आला की पुढचं काम फोन करतो.

यातली कुठलीच वाट रिमोट हरवल्यावर अवघड नाही. अवघड असतं ते जोडणाऱ्या माणसाला गाठणं. म्हणून माझं सांगणं आहे की हे काम दिवाळीच्या सुट्टीतच उरकावं, पोरं घरी आहेत तोवर. गावात जो फोन वर्षभर राहणार आहे, त्याच्याच हॉटस्पॉटवर टीव्ही जोडा. रिमोट हातात असतानाच घरातल्या दुसऱ्या एका फोनवर ॲप घालून कोड टाकून ठेवा. आणि हॉटस्पॉटचं नाव-पासवर्ड मोठ्या-लहान अक्षरांसकट कागदावर लिहून तो कागद टीव्हीच्या मागे चिकटवा. टोळी निघून गेल्यावर मला येणारे निम्मे फोन तेवढ्या कागदाने वाचतील, आणि आजोबांना बातम्यांसाठी चाकणच्या पोराची शिफ्ट सुटायची वाट बघावी लागणार नाही.