'मग पुढे?' विचारणारं कुणी नव्हतं

माझी भाची लातूरला एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये हिशेबाचं काम करते. ते काम कंत्राटी, आणि कंत्राट या महिनाअखेरीस संपणार. म्हणून पुण्यातल्या एका कंपनीत पुरवठादारांची बिलं सांभाळण्याच्या जागेसाठी तिनं अर्ज केला होता. परवाच्या बुधवारी रात्री साडेअकराला तिचा फोन आला. "मामू, इंटरव्ह्यू झाला. पण घेणारं कुणी नव्हतंच."

कंपनीकडून एक लिंक आली होती. ती उघडली की पडद्यावर प्रश्न येतो. विचार करायला तीस सेकंद, मग कॅमेरा आपोआप सुरू, आणि बोलायला दोन मिनिटं. असे पाच प्रश्न. रविवारपर्यंत केव्हाही द्या, अशी मुभा. घरात दिवसभर वर्दळ, म्हणून सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात ओट्यावर मोबाईल टेकवून तिनं तो दिला. समोर दिसत होता तिचाच चेहरा आणि उलटा धावणारा आकडा.

चार उत्तरं बरी गेली. एकाचा मात्र घात झाला. प्रश्न होता, तुम्ही पकडलेली एखादी चूक सांगा. तिच्याकडे खरा किस्सा होता. शोरूममध्ये एकच बिल दोनदा चढलं होतं, तेही १८,८८० रुपयांचं. कुणामुळे चढलं, साहेब कसे चिडले हे सांगण्यात दोन मिनिटं गेली आणि "मग मी..." या शब्दांवर रेकॉर्डिंग बंद पडलं. पुन्हा देण्याची सोय त्या प्रश्नाला नव्हती.

समोर माणूस असता तर त्यानं "मग पुढे?" एवढंच विचारलं असतं आणि गाडी रुळावर आली असती. मी स्वतः बरीच वर्षं नोकरभरतीच्या कामात काढली आहेत. उमेदवाराचं निम्मं उत्तर अशा दोन शब्दांनी बाहेर काढावं लागतं. इथे ते दोन शब्दच नाहीत. म्हणून अशा मुलाखतीनंतरचं पत्र नुसतं आभाराचं नसावं. न विचारलेल्या उपप्रश्नाचं उत्तर त्यात द्यावं.

पण त्याआधी मी तिला विचारलं, "पोचलं का?" शेवटची चित्रफीत मोबाईलच्या नेटवर वर चढायला वेळ लागतो आणि मुलं खिडकी बंद करून मोकळी होतात. तिच्या पडद्यावर Submitted असं आलं होतं, पोच देणारी मेलही आली होती. पोच आली नाही तर तीच लिंक पुन्हा उघडून बघावी. एखादा प्रश्न बाकी दिसला तर लिंकच्या पानावर तांत्रिक मदतीचा पत्ता असतो, तिथे लगेच लिहावं. त्या लोकांना चित्रफीत पोचली की नाही एवढं सांगता येतं. निवड झाली का, हे त्यांच्या हातात नसतं, आणि पुन्हा संधी द्यायची तर कंपनीची परवानगी लागते.

सकाळी तिनं पत्राचा मसुदा पाठवला. इंटरनेटवरून उचललेला. "काल आपल्याशी बोलून खूप आनंद झाला..." मी म्हटलं, "बेटा, बोललीस कुणाशी?" आधी ती हसली, मग वैतागली. जे झालंच नाही त्याचे आभार मानले की वाचणाऱ्याला कळतं, हे पत्र दहा ठिकाणी गेलं आहे.

दुसरा घोळ पत्त्याचा. लिंक ज्या पत्त्यावरून आली तो noreply वाला. तिथे लिहिलेलं कुणी वाचत नाही. आम्ही जुन्या मेल चाळल्या. आठवड्यापूर्वी मनुष्यबळ विभागातल्या एका बाईंनी तिला कागदपत्रं मागणारी मेल पाठवली होती, खाली त्यांचं नाव आणि पद होतं. हाच पत्ता. असा माणूस सापडला नाही तर आमंत्रणाच्या मेलच्या तळाशी बघावं, मग मूळ जाहिरातीत. कंपनीतली पाच अनोळखी माणसं शोधून सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नये. ते एकमेकांच्या शेजारी बसतात.

मग पत्र. कंपनीचा व्यवहार इंग्रजीत, म्हणून तिनं इंग्रजीतच लिहिलं. मराठीत त्याचा अर्थ असा:

"अमुक पदासाठीची रेकॉर्डेड मुलाखत मी बुधवारी रात्री पूर्ण केली. माझा अर्ज क्रमांक हा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर वेळ संपल्यामुळे अर्धं राहिलं, ते इथे पूर्ण करते. पुरवठादाराचा खातेउतारा आमच्या वहीशी जुळवताना १८,८८० रुपयांचा फरक निघाला. एकच बिल एकदा 1047 आणि एकदा PI/1047 या क्रमांकानं चढलं होतं, म्हणून सॉफ्टवेअरला ते दोन वेगळे वाटले. पैसे जाण्याआधी मी दुसरी नोंद रद्द करून घेतली. तेव्हापासून आम्ही बिलावर छापलेला क्रमांक जसाच्या तसा टाकतो. पुढची फेरी साधारण केव्हा होईल, हे कळवू शकाल का?"

बस, एवढंच. तिला सोबत एक नवी चित्रफीतही जोडायची होती. मी नको म्हटलं. सगळ्यांना दोन मिनिटं मिळाली असताना एकीनं चार घेतली, तर ते बघणाऱ्यालाच अडचणीचं. आणि बाकीची चार उत्तरं बरी होती, त्यांना हात लावायचा नाही. अर्धं राहिलेलं किंवा आकडा चुकलेलं एकच उत्तर दुरुस्त करावं. सगळीच करायला बसलं तर सगळीच बिघडली होती असं दिसतं.

पत्र गुरुवारी दुपारी गेलं. शनिवारी तिचा फोन, "मामू, उत्तर नाही. परत लिहू?" इथे या मुलाखतीचा हिशेब वेगळा आहे. समोरासमोर बोलणं झालं की दिवस त्या दिवसापासून मोजतात. इथे लिंक रविवारपर्यंत खुली होती. सगळ्यांच्या चित्रफिती जमल्यावर एकदम बघायला बसणं ही सर्रास पद्धत. म्हणजे तिचं बुधवारचं बोलणं शनिवारपर्यंत कुणी उघडलंही नसेल. तिनं आठवडा रविवारपासून मोजायचा, मग दोन ओळींची एक आठवण पाठवायची, आणि तरीही शांतता असली तर तिथे थांबून दुसरीकडे अर्ज करायचे.

आठवण पाठवायची वेळ आली नाही. गुरुवारी त्या बाईंचं उत्तर आलं, "नोंद घेतली, पॅनल या आठवड्यात बघेल." पुढच्या मंगळवारी हिशेब विभागाच्या मॅनेजरांचा फोन आला. त्यांनी ते पत्र पाहिलंच नव्हतं. हेही होतं. चित्रफीत बघणारा आणि मेल वाचणारा एकच असेल याची खात्री नसते, आणि उत्तरांना ठरलेल्या तक्त्यावर गुण देणारे लोक बाहेरची पुरवणी धरतीलच असंही नाही.

पण त्यांनी विचारलं, "तो बिलाचा किस्सा मध्येच तुटला. मग पुढे काय झालं?"

आपा सांगत होती, पोरगी ओट्याशी उभी राहून घड्याळाकडे न बघता बोलत होती. खातेउतारा, फरक, दोन क्रमांक, रद्द केलेली नोंद. पत्रासाठी तो किस्सा तिनं तीन वेळा लिहून छाटला होता, त्यामुळे सांगायला जेमतेम मिनिट लागलं.

निकाल अजून आलेला नाही. कंत्राटाचे नऊ दिवस उरलेत. आज सकाळी तिनं दुसऱ्या एका कंपनीची तशीच लिंक आल्याचं कळवलं, आणि विचारलं, "मामू, यावेळी चूक कशी पकडली तेच आधी सांगू ना? साहेब नंतर चिडू देत."