‘Refund processed’ म्हणजे नेमकं काय?

आमच्या मोहल्ल्यात शिवणकाम करणाऱ्या एक खाला आहेत. त्यांनी ऑनलाइन मागवलेलं 6,450 रुपयांचं इंटरलॉक मशीन बिघडलेलं निघालं, म्हणून परत पाठवलं. शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर Refund processed असा मेसेज आला. मंगळवारी खाला भुसावळच्या बँकेत गेल्या, तिथं उत्तर मिळालं, ‘काहीच आलेलं नाही.’ खाला मला म्हणाल्या, “बेटा, दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?”

कोणीच नाही. दुकानदाराच्या लेखी ‘प्रोसेस्ड’चा अर्थ इतकाच, की त्यानं पैसे परत करायचा हुकूम दिला. तिथून तो हुकूम दुकानदाराच्या बँकेकडे, मग कार्ड नेटवर्ककडे आणि शेवटी आपल्या बँकेकडे पोहोचतो. डेबिट कार्डाला साधारण पाच ते सात कामाचे दिवस लागतात, यूपीआयला बहुतेकदा कमी. खालांच्या हिशेबात चार दिवस झाले होते, पण दुसरा शनिवार आणि रविवार वजा केल्यावर मंगळवार हा फक्त दुसराच दिवस होता.

पुढच्या मंगळवारपर्यंत सातवा दिवसही गेला. आता वाट पाहण्यात अर्थ नव्हता. बुधवारी दुकानदाराच्या मदत विभागाकडून आम्ही एआरएन मागवून घेतला. कार्डावरच्या रिफंडला मिळणारा हा 23 आकडी नंबर असतो. (यूपीआय असेल तर 12 आकडी आरआरएन मागावा.) ‘प्रोसेस्ड’चा स्क्रीनशॉट दाखवून बँकेला शोध घेता येत नाही, या नंबरानं येतो. दुकानदार नंबर देऊच शकला नाही, तर हुकूम त्याच्याकडेच अडकला असण्याची शक्यता जास्त.

बँकेतल्या बाईंनी नंबर घेऊन लेखी तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी उलगडा झाला. खरेदी जुन्या कार्डावर झाली होती. मधल्या काळात ते कार्ड बदललं, त्यामुळे रक्कम बँकेतच येऊन खात्याशी न जुळता पडून होती. ती खालांच्या खात्यात जमा झाली.

मधे खालांच्या भाच्यानं सांगितलं होतं, “उशीर झाला की रोज शंभर रुपये मिळतात.” रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा तसा नियम आहे खरा, पण तो फसलेल्या व्यवहारासाठी. म्हणजे खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानदाराला मिळाल्याची खात्रीच झाली नाही, तर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये. खालांचं पेमेंट व्यवस्थित झालं होतं, माल नंतर परत गेला. त्याला हा नियम लागू होत नाही. भाच्याला हे पटवायला मला चहाचे दोन कप लागले.

बँकेनं लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. फी लागत नाही. मात्र आधी बँकेकडे तक्रार केल्याचा नंबर हाताशी हवा, तोंडी चौकशी तिथं धरत नाहीत.