दहा मिनिटं हवी होती, म्हणून…

म्हैसूरमधल्या एका कंपनीत मी कंटेंट रायटर आहे. नव्याने रुजू होणाऱ्या मुलांच्या आई-बाबांसाठी आम्ही एक छोटी पुस्तिका करत होतो. पहिल्या पानावर कंपनीच्या सर्वोच्च साहेबांचं मनोगत हवं होतं. अशी मनोगतं बहुतेक वेळा माझ्यासारखंच कुणीतरी लिहितं आणि साहेब त्याला मान्यता देतात. पण लेकाला पहिल्यांदा परगावी सोडून घरी परतणाऱ्या बापाला माझं बनावट मनोगत द्यायला मन धजेना. मला साहेबांची एखादी खरी आठवण हवी होती. त्यासाठी त्यांची दहा मिनिटं लागणार होती.

मी थेट त्यांनाच लांबलचक ईमेल पाठवला. त्यात त्यांचं कौतुक होतं, माझी ओळख होती आणि शेवटी, “आपल्या सोयीने कधीही वेळ द्यावा.” दोन आठवडे उत्तर नाही. पुस्तिका छपाईला जायला बारा दिवस उरले.

आई म्हणाली, “सुधा मूर्तींनी नाही का जेआरडींना पोस्टकार्ड लिहिलं होतं?” खरंच आहे. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधाताईंनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि थोड्याच दिवसांत मुलाखतीची तार आली. पण नीट विचार केला तेव्हा फरक कळला. त्यांनी एक अन्याय दाखवून दिला होता, जेआरडींची वेळ मागितली नव्हती. मला वेळ हवी होती, आणि साहेबांच्या वेळेचं कॅलेंडर त्यांच्या एक्झिक्युटिव्ह असिस्टंट सांभाळत होत्या.

“कधीही चालेल” हे मला नम्रपणाचं वाटत होतं. कॅलेंडर सांभाळणाऱ्या माणसासाठी मात्र ते काम वाढवणारं वाक्य आहे. कुठली वेळ, किती वेळ, कशासाठी, सगळं त्यांनीच शोधायचं! म्हणून आधी मी माझ्या मॅनेजरना विचारलं. त्यांना डावलून वर लिहिलं असतं, तर असिस्टंट मॅडमनी पहिला फोन त्यांनाच केला असता. मग मॅडमना लिहिलं. विषयाच्या जागी: “विनंती: १० मिनिटे, पालक-पुस्तिकेसाठी, १८ तारखेच्या आत.” खाली एवढंच:

“नमस्कार मॅडम, नव्या मुलांच्या पालकांसाठीच्या पुस्तिकेत सरांची एक आठवण हवी आहे. प्रश्न एकच: घर सोडून पहिल्या नोकरीला गेलात, तो पहिला आठवडा कसा होता? फोनवर १० मिनिटे पुरतील. फोटो किंवा रेकॉर्डिंग नाही. मजकूर छापण्याआधी तुम्हाला दाखवेन. सोमवार ते गुरुवार सकाळी ९ ते ११ मी मोकळी आहे. प्रवासातली वेळही चालेल. सरांना जमणार नसेल तर १५ तारखेपर्यंत कळवावे, म्हणजे आम्ही ते पान वेगळे करू.”

हे एवढं छोटं ठेवण्याचं कारण म्हणजे मॅडमना एक शब्दही न बदलता ते साहेबांना दाखवता यावं. आणि शेवटच्या वाक्यामुळे त्यांना संकोच न करता ‘नाही’ म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही प्रश्नाच्या रूपात: “फोनवर अजून कोण असेल?” तेव्हा मला धीर आला. नकार द्यायचा असता तर हे विचारलंच नसतं. त्या जागा शोधत होत्या. “तुम्ही अमक्यांशी बोला” असं उत्तर आलं असतं, तरी मी तो नकार मानला नसता. काही कामं साहेबांपर्यंत जाण्याची गरजच नसते.

वेळ मिळाली मंगळवारी, सकाळी साडेनऊला. सोमवारी संध्याकाळी ती रद्द झाली. माझा चेहराच पडला. मग मॅडमचा निरोप आला: साहेब बुधवारी बंगळुरूहून गाडीने म्हैसूरला येणार आहेत, पावणेअकराला फोन करा. प्रवासातली वेळही चालेल, हे तीन शब्द कामाला आले. त्या रस्त्यावर मला माझी दहा मिनिटं मिळाली.

साहेब म्हणाले, “पहिला आठवडा मी घरी फोनच केला नाही. एसटीडी बूथवर रांग असायची आणि आवाज ऐकून रडू येईल अशी भीती होती. पालकांना सांगा, फोन आला नाही म्हणजे मुलगा विसरला असं नसतं.”

नवव्या मिनिटाला मी आभार मानून थांबले. मागितली होती त्याहून जास्त वेळ घेतली असती, तर पुढच्या वेळी मॅडमनी माझ्या ‘दहा मिनिटां’वर विश्वास का ठेवावा? संध्याकाळी त्यांना मजकूर पाठवला, आभारही मानले.

पुस्तिका छापून आल्यावर पहिली प्रत मी मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि म्हणाल्या, “माझा मुलगाही गेल्याच महिन्यात पुण्याला गेलाय.”