अजानचं स्वप्न

रूममेटला स्वप्न पडलं, आपण अजान देतोय. "तुलाच सांगतो," म्हणाला. चांगलं स्वप्न जिवलगालाच सांगावं, वाईट कुणालाच नाही, असं हदीसमध्ये आहे म्हणे.

मग त्यानं बसऱ्याच्या इब्न सीरीनची (मृत्यू 729) गोष्ट सांगितली. दोघांना हेच स्वप्न पडलं. सज्जनाला ते म्हणाले, हज घडेल. दुसऱ्याला, चोरीत हात तुटेल. कुराणात हजची हाक आहे, तशी यूसुफच्या भावांना 'चोर' म्हणणारीही!

"बी.कॉम. सोडून मदरशात जाऊ का?" मी दचकलोच.

पण इमाम नववींचं मतही त्यालाच ठाऊक होतं: स्वप्नात खुद्द पैगंबरांनी 'उद्या रमजान' म्हटलं, तरी तेवढ्यावरून रोजा लागू होत नाही. स्वप्नावर शरियतचा हुकूम ठरत नाही.

थोडा वेळ गप्प बसून त्यानं अब्बांना फोन लावला.